दादा, गाळा विकत नको, भाड्याने घेऊ

दुकानाचा भाडेकरार संपत आला की भागीदारांमध्ये एक जुनी चर्चा नव्याने सुरू होते. इतकी वर्षं दुसऱ्याच्या खिशात भाडं घातलं, आता स्वतःचा गाळा घेऊन टाकू, असं एक जण म्हणतो. दुसऱ्याला ते पटत नाही, पण तोंडी बोलताना त्याच्याकडे आकडे नसतात आणि ‘हक्काची जागा’ या शब्दांसमोर त्याचं म्हणणं लंगडं पडतं. अशा वेळी त्याने कागद घेऊन भागीदाराला सविस्तर पत्र लिहावं. त्या पत्रात काय असावं, हे एका उदाहरणातून पाहू.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर शाळेचे गणवेश आणि मुलांचे तयार कपडे विकणारे दोन भागीदार आहेत, असं समजा. थोरल्या भागीदाराच्या नजरेत धायरीतला ऐंशी लाखांचा एक तयार गाळा भरला आहे. तसाच शेजारचा गाळा महिना ३५ हजारांनी भाड्याने मिळतो आहे. दोन्ही आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. प्रत्येक रस्त्यावर, अगदी एकाच इमारतीच्या दोन बाजूंनासुद्धा, ते बदलतील. धाकट्या भागीदाराला भाड्याचा गाळा हवा आहे. तो लिहितो:

“दादा, गाळा चांगला आहे यात वाद नाही. पण आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो आहोत. गणवेशाचा धंदा कुठून करायचा हा एक प्रश्न, आणि आपल्या जवळची पुंजी जमीनजुमल्यात घालायची का, हा दुसरा. आधी पहिल्याचं उत्तर ठरवू.”

पत्राचा सगळा भार या वेगळेपणावर आहे. घर घेताना माणूस राहण्याची सोय आणि गुंतवणूक एकत्र पाहतो, आणि घरकर्जाची लांब मुदत व तुलनेने कमी व्याज त्याला ते परवडू देतं. दुकानाच्या गाळ्याला ही सवलत नाही. बँक सहसा किमतीचा लहान हिस्सा देते, व्याज जास्त लावते आणि मुदत आखूड ठेवते. इथे ६५ टक्के कर्ज, १० टक्के व्याज आणि १२ वर्षांची मुदत धरली आहे. म्हणजे ५२ लाख बँकेचे आणि २८ लाख भागीदारांचे. त्यावर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. शुल्क व्यवहाराच्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, यांत जे जास्त असेल त्यावर लागतं, हेही लक्षात ठेवायला हवं. थोडक्यात, गाळ्याची किल्ली हातात येईपर्यंत भागीदारांचे स्वतःचे सुमारे ३४ लाख गेलेले असतात. अजून एक फळीसुद्धा लागलेली नसते.

कर्जाचा हप्ता येतो महिना सुमारे ६२ हजार. पहिल्या वर्षी त्या हप्त्यांतलं नुसतं व्याजच ५ लाखांच्या वर जातं, तर शेजारच्या गाळ्याचं वर्षाचं भाडं आहे ४ लाख २० हजार. ‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे’ असं थोरला भागीदार म्हणत असेल, तर त्याच्यापुढे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. कर्जाचं व्याजही परत येत नाही, मुद्रांक शुल्कही परत येत नाही. भाड्याच्या गाळ्याला पाच वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर लागणारं शुल्क मात्र एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर धरलेलं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असतं. दरवर्षी ५ टक्के भाडेवाढ आणि २ लाख अनामत धरली, तर ते साधारण ६ हजार रुपये भरतं. शहरात नोंदणी फी एक हजार. एका बाजूला ५ लाख ९० हजार, दुसऱ्या बाजूला ७ हजार.

थोरला भागीदार इथे लगेच म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की गाळ्याची किंमत वाढते त्याचं काय? चांगलं पत्र हा मुद्दा टाळत नाही. धाकट्याने पाच वर्षांचा ढोबळ हिशेब मांडला आहे. विकत घेतलं तर पाच वर्षांत व्याज जवळपास पावणेतेवीस लाख, सुरुवातीचं शुल्क सहा लाखांच्या आत-बाहेर, आणि मिळकतकर व देखभाल मिळून अंदाजे दोन लाख. एकूण साडेतीस लाखांच्या आसपास. भाड्याने घेतलं तर पाच वर्षांचं भाडं २३ लाख २० हजार. फरक सव्वासात-साडेसात लाखांचा. शिवाय स्वतःचे जे ३२ लाख गाळ्यात अडकले नाहीत, ते माल भरायला वापरून बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं १० टक्के व्याज वाचवलं, तर पाच वर्षांत आणखी १६ लाख. दोन्ही मिळून साडेतेवीस लाख झाले. याचा अर्थ, ऐंशी लाखांचा गाळा पाच वर्षांनी एक कोटी साडेतीन लाखांच्या वर गेला, तरच विकत घेणं सरस ठरतं. दरसाल साधारण सव्वापाच टक्के वाढ झाली की दोन्ही पारडी समान. विकताना लागणारा भांडवली नफ्यावरचा कर आणि दलाली धरली, तर त्याहून थोडी जास्त वाढ लागेल. आयकराचा बारीक हिशेब यात घेतलेला नाही. भाडं आणि व्याज दोन्ही धंद्याचा खर्च म्हणून वजा होतात, मुद्दल वजा होत नाही, आणि इमारतीवर घसारा मिळतो. तो तपशील सीएने पाहायचा.

“धायरीत दरसाल सव्वापाच टक्के वाढ होणारच नाही, असं मी म्हणत नाही,” असं पत्रात पुढे आहे. “कदाचित जास्तही होईल. पण तो अंदाज आहे, आणि हप्ता हा अंदाज नाही. तो ऑगस्टमध्येही द्यावा लागेल.”

ऑगस्टचा उल्लेख इथे मुद्दाम आहे. गणवेशाच्या धंद्याचं वर्ष सरळ चालत नाही. सोलापूर हे गणवेश शिवण्याचं मोठं केंद्र आहे आणि तिथल्या कारखानदारांकडे मागणी हिवाळा संपताना नोंदवावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये माल येतो, पैसे द्यावे लागतात. विक्रीचा लोट मे अखेरीपासून जूनच्या मध्यावर शाळा उघडेपर्यंत आणि त्यानंतरचे काही आठवडे. मग दिवाळीपर्यंत शांतता. वर्षातले कित्येक महिने असे जातात की रोजच्या गल्ल्यातून ६२ हजारांचा हप्ता वेगळा काढणं अवघड होतं. हप्ता आणि भाडं यांतला महिन्याचा २७ हजारांचा फरक मंदीच्या महिन्यांत एका नोकराच्या पगाराइतका किंवा त्याहून जास्त भरतो.

मालाचे पैसे लांबवण्याची जुनी सोयही आता तितकीशी राहिलेली नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात एक बदल लागू झाला. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाकडून माल घेतला, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. ते दिले नाहीत आणि वर्ष संपताना बाकी राहिले, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी मिळतो. गणवेश शिवणारे कितीतरी कारखाने याच वर्गात मोडतात. तीन-चार महिन्यांच्या उधारीवर मोसम काढणाऱ्या दुकानदाराला आता रोकड जवळ ठेवावी लागते, आणि रोख देणाऱ्याला कारखानदार भावही बरा देतो. भागीदारांचे ३४ लाख भिंतींत गेले, तर मार्चमध्ये सोलापूरला पाठवायला पुन्हा बँकेचंच दार वाजवावं लागेल.

जागेच्या बाबतीत या धंद्याला आणखी एक धोका आहे. गणवेशाचं दुकान शाळांच्या भोवती चालतं. आसपासच्या दोन मोठ्या शाळांपैकी एकीने गणवेश बदलला किंवा स्वतःच्या आवारातच विक्री सुरू केली, तर गिऱ्हाईक एका मोसमात निम्म्यावर येऊ शकतं. रस्त्याचंही तसंच. पुण्यात वनाज ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पण त्याआधी कर्वे रस्ता कित्येक वर्षं खांब आणि पत्र्यांच्या कुंपणांमधून वाट काढत होता. समोर गाडी लावायला जागा नसेल, तर मुलांना घेऊन येणारे पालक दुसरीकडे वळतात. भाड्याच्या गाळ्यातून तीन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. मालकीचा गाळा अशा वेळी विकायला काढला, तर घेणाऱ्यालाही तेच पत्रे दिसत असतात.

थोरल्या भागीदाराच्या हातात मात्र एक भक्कम उदाहरण आहे: डी-मार्ट. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान उघडलेल्या या कंपनीने बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या किंवा अतिदीर्घ पट्ट्याच्या जागेत ठेवली, आणि भाड्याचं ओझं नसल्याने तिला माल स्वस्त विकता आला. उलट बिग बझारचा गाडा भाड्याच्या जागांवर उभा होता. भाडी थकली, अनेक जागांचे करार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने ती दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. भाड्याच्या जागेवर दुकान किती पातळ धाग्याने लटकतं, हे त्यातून साऱ्या देशाने पाहिलं.

ही उदाहरणं खरी आहेत आणि धाकट्याने ती खोडून काढायचा प्रयत्न केलेला नाही. त्याचं उत्तर वेगळं आहे. डी-मार्टने जागा घेतल्या, त्या माल भरायचे पैसे मोडून नव्हे. तिच्याकडे लांब पल्ल्याचं भांडवल होतं, आणि तिचा माल इतक्या झपाट्याने फिरतो की रोकड सतत येत राहते. किराणा रोज लागतो, गणवेश वर्षातून एकदा. “आपल्याकडे माल भरूनही तीस-चाळीस लाख बाजूला पडून असते, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं,” असं तो लिहितो. त्याची ही कबुली महत्त्वाची आहे, कारण भाड्याचा सल्ला सगळ्यांना लागू नाही. वर्षाचं भाडं भागिले गाळ्याचा एकूण खर्च हा आकडा काढावा. इथे तो जेमतेम पाच टक्के येतो, आणि कर्जाचं व्याज दहा टक्के आहे. हे अंतर जिथे कमी होतं तिथे पारडं मालकीकडे झुकू लागतं. जिथे भट्टी, शीतगृह किंवा यंत्रं पक्की बसवावी लागतात आणि जागा सोडणं म्हणजे धंदाच मोडणं असतं, तिथेही मालकीचाच विचार आधी करावा.

यापुढचा मुद्दा भागीदारीचा आहे, आणि तो समोरासमोर बोलायला जड जातो. भागीदारी संस्था ही कंपनीसारखी वेगळी कायदेशीर व्यक्ती नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर संस्थेच्या पैशाने घेतलेली मिळकत संस्थेची मानली जाते. पण खरेदीखतात नावं माणसांची येतात. एकाने जास्त पैसे घातले, दुसऱ्याच्या बायकोचे दागिने त्यासाठी गहाण पडले, कर्जाला तिसरा नातेवाईक जामीन राहिला, असं झालं की पुढे हिशेब कुणालाच नीट लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. तेव्हा वारसांचा हिस्सा द्यायचा कसा? गणवेशाचे गठ्ठे आणि बँकेतली शिल्लक वाटता येते. ऐंशी लाखांचा गाळा अर्धा कापता येत नाही. तो विकावा लागतो किंवा राहिलेल्याने कर्ज काढून दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा लागतो, आणि त्यात पुन्हा शुल्क आणि कर येतात. भाड्याच्या गाळ्यात अनामत आणि फर्निचर एवढंच वाटायचं उरतं.

“आपली मुलं पुढे हा धंदा करतील की नाही, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही,” एवढ्यावर पत्रात हा विषय थांबतो. जास्त लिहायची गरज नाही.

इथवर पत्र पटण्यासारखं आहे. पण भाड्याचा पर्याय शेवटी करारावर उभा असतो, आणि सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. महाराष्ट्रात जुन्या भाडे नियंत्रणाच्या अनुभवाने मालक सहसा ‘भाडेकरू’ ठेवत नाहीत; ते लिव्ह अँड लायसन्स देतात. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातल्या परवान्याच्या कल्पनेवर तो करार बेतलेला असतो. म्हणजे दुकानदाराला जागा वापरायची परवानगी मिळते, जागेत हक्क मिळत नाही. नोंदणी सक्तीची आहे, ती करून घेणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आणि साध्या स्टॅम्पपेपरवर ११ महिन्यांचं काहीतरी लिहून भागवण्याच्या सवयीला कायद्याचा आधार नाही.

म्हणून धाकट्या भागीदाराने पत्रासोबत अटींचा मसुदा जोडला आहे. मुदत पाच वर्षांची. मालकाला तीन वर्षं जागा परत मागता येणार नाही. दुकानदार मात्र सहा महिन्यांनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकेल. हे असमान वाटेल, पण खर्च दुकानदार करतो. तरीही परवाना मुळात काढून घेता येणारा असतो, त्यामुळे मालकाने शब्द मोडला तर भरपाई किती, हा आकडा करारात लिहून ठेवलेला बरा. फळ्या, दिवे, कपडे घालून पाहायची खोली यांवर सहा लाख खर्च धरला, तर पाच वर्षांत महिना १० हजार पडतात. मालकाने तीन वर्षांनी बाहेर काढलं, तर उरलेल्या २४ महिन्यांचे २ लाख ४० हजार त्याने द्यावेत. ही पद्धत कोणत्याही मालकाला समजावून सांगता येते आणि भांडणाला जागा उरत नाही. फळ्याही भिंतीत न ठोकता सुट्या, उचलून नेता येतील अशा करायच्या.

दुसरी अट २०२० च्या टाळेबंदीने शिकवली. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात, दुकान बंद असतानाच्या काळातलं भाडं थांबवावं ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये मान्य केली नाही. न्यायालयाने आधी करारात तशी तरतूद आहे का, हे पाहिलं. तेव्हा सरकारी आदेशाने दुकान उघडता आलं नाही तर भाडं किती द्यायचं, हे आताच लिहून घ्यायचं.

जीएसटीचं कलमही हवं. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के कर असतो, म्हणजे ३५ हजारांवर ६,३०० रुपये. मालक नोंदणीकृत नसेल आणि दुकानदार असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून हा कर दुकानदारानेच सरकारकडे भरायचा आहे. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला त्याची वजावट मिळते, पण आधी रोख भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला जानेवारी २०२५ पासून यातून सूट दिली आहे. मात्र मालक नोंदणीकृत असेल आणि त्याने कर लावला, तर अशा दुकानदाराला त्याची वजावट मिळत नाही, आणि त्याचं भाडं खरोखरच १८ टक्क्यांनी महागतं. करारात नुसतं ‘भाडं ३५ हजार’ न लिहिता ते करासह की करावेगळं, हे स्पष्ट लिहायचं.

सर्वांत महत्त्वाची तपासणी सहीच्या आधीची आहे. मालकाने हाच गाळा बँकेकडे गहाण ठेवला असेल आणि त्याचे हप्ते थकले, तर सरफेसी कायद्याखाली बँक गाळ्याचा ताबा घ्यायला येते. गहाणानंतर, बँकेच्या संमतीशिवाय केलेला करार दाखवून दुकानदाराला तिला अडवता येत नाही. नियमित भाडं भरणाऱ्या दुकानालाही तेव्हा शटर ओढावं लागतं. यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदींतून त्या गाळ्याचा सूची क्रमांक दोनचा उतारा काढायचा, शोध अहवाल वकिलाकडून घ्यायचा आणि कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र मागायचं. मालक ते द्यायला टाळाटाळ करू लागला, तर गाळा कितीही मोक्याचा असो, दुसरा पाहायचा. मंजूर नकाशात ती जागा दुकान म्हणूनच दाखवली आहे का आणि वीजमीटर व्यापारी आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यायचं. जीएसटी नोंदणीत नवा पत्ता घालताना करार आणि वीजबिल लागतंच.

थोरल्या भागीदाराची इच्छा धाकट्याने मोडीत काढलेली नाही. मसुद्यात त्याने शेवटची दोन कलमं त्याच्यासाठी ठेवली आहेत. मालकाने गाळा विकायला काढला, तर आधी या दोघांना विचारायचं आणि उत्तरासाठी ३० दिवस द्यायचे, हे एक. दुसरं कलम भाडेकराराचं नाही, भागीदारीच्या करारात घालायचं आहे. हप्ता आणि भाडं यांतला जो २७ हजारांचा फरक वाचतो, त्यातला काही भाग जून-जुलैच्या विक्रीतून एकरकमी काढून दोघांच्या सहीच्या वेगळ्या ठेवीत टाकायचा, आणि तिला मालखरेदीसाठी हात लावायचा नाही. किती टाकायचा, ती रक्कम त्याने कोरी सोडली आहे आणि समोर लिहिलं आहे, “दादा, आकडा तुम्ही भरा.”